दीड सूत

इयत्ता आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत परिसरातल्या एखाद्या कारागिराची मुलाखत घेऊन यायला सांगितले होते. प्रश्नांची यादी शाळेनेच छापून दिली होती : व्यवसाय कधी सुरू केलात, कोणाकडून शिकलात, कोणती साधने वापरता, कोणत्या अडचणी येतात, आणि शेवटी ‘नव्या पिढीला काय सांगाल’. माझ्या भाच्याने शिंपी निवडला तो काही कुतूहलापोटी नव्हे. धाकट्या बहिणीचा फ्रॉक शिवायला टाकायचा होताच, तेव्हा एका फेरीत दोन कामे उरकतील, असा त्याचा सरळ हिशेब होता. कापड आणि मुलगी यांच्याबरोबर मीही गेले.

साताऱ्याच्या एका जुन्या पेठेतले हे दुकान इतके लहान आहे की गिऱ्हाईक उभे राहिले की टेलरकाकांना कापायच्या टेबलाच्या मागच्या बाजूनेच हालचाल करावी लागते. मुलाखत सुरू झाली आणि लगेच रखडली. ‘व्यवसाय कधी सुरू केलात’ याचे उत्तर ‘लहानपणीच’, ‘कोणाकडून शिकलात’ याचे ‘मामाकडून’ आणि ‘कोणत्या अडचणी येतात’ याचे ‘लोक वेळेवर कपडे न्यायला येत नाहीत’ असे मिळाले. नव्या पिढीला काय सांगाल, यावर काकांनी क्षणभर विचार केला आणि ‘काही नाही’ असे सांगितले. अशा याद्यांमध्ये एक दोष नेहमी असतो, की त्या माणसाविषयी विचारतात आणि त्याच्या हातातल्या कामाविषयी विचारायचे विसरतात. दहापैकी एकाही प्रश्नात ‘तुम्ही हे नेमके कसे करता’ असे विचारलेले नव्हते. साधनांचा प्रश्न तेवढा कामाच्या जवळ जाणारा होता, आणि नशिबाने काकांनी त्याचे उत्तर तोंडाने न देता वस्तू एकेक करून टेबलावर ठेवत दिले. मोठी कात्री, खडू, टेप, इस्त्री आणि सगळ्यांत शेवटी लाकडाचा, कडा झिजून गुळगुळीत झालेला एल.

एल म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. भाच्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्याच्या लक्षात आले की ही पट्टी चुकीची आहे. बाहेरच्या कडेला इंचांच्या खुणा होत्या, त्या त्याच्या कंपासमधल्या पट्टीशी जुळत होत्या. पण आतल्या बाजूला आणखी काही ओळी होत्या, त्यांच्या सुरुवातीला १/३, १/६, १/१२, १/२४ असे अपूर्णांक लिहिलेले होते, आणि त्या ओळींतले आकडे भलतेच दाटीवाटीने बसलेले होते. १/६ च्या ओळीत २४ हा आकडा इंचांच्या ओळीतल्या ४ च्या बरोबर समोर येत होता.

“हे काय आहे, काका?”

“भागाकार आहे,” काका म्हणाले. “छाती बत्तीस असली आणि गळ्याच्या रुंदीला तिचा बारावा हिस्सा पाहिजे असला, तर डोकं कोण खाजवत बसणार? बाराव्याच्या ओळीत बत्तीस शोधायचं आणि तिथं खडू टेकवायचा. भागाकार लाकडानं करून ठेवलाय.”

एक पट्टी लांबी मोजण्याऐवजी भागाकार करते, ही गोष्ट मलाही तोवर कधी सुचली नव्हती. या ओळींमागे शिवणकामाचा एक जुना विचार आहे. टेप येण्यापूर्वी युरोपातले शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी ठेवीत आणि छाती, कंबर, बाही यांच्या जागी तिला खाचा पाडीत, त्यामुळे एका माणसाची पट्टी दुसऱ्याच्या काही उपयोगाची नसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकडे छापलेली टेप वापरात आली आणि सगळी शरीरे एकाच मापात बसली. मग एका मापावरून दुसरे माप काढण्याच्या पद्धती निघाल्या : छातीचा चौथा हिस्सा, सहावा हिस्सा, बारावा हिस्सा. काकांच्या एलवर तीच विद्या कोरलेली होती. काकांनी लहानपणी गावच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकलेले आहेत, आणि साडेसात पाऊणे किती हे ते अजूनही श्वास न घेता सांगतात. तरीही सहाव्या हिश्श्यासाठी ते लाकडावरच विसंबतात.

फ्रॉक अंब्रेला घेराचा हवा होता, म्हणजे खालचा घेर पूर्ण वर्तुळाचा, मध्ये कमरेसाठी गोल भोक. काकांनी मुलीची कंबर मोजली. ती साडेबावीस भरली. त्यात दीड इंच सैल धरून २४ हे कामाचे माप ठरले. घेराची उंची १६ इंच. कापड ४४ पन्ह्याचे होते, त्यामुळे जोड न देता पूर्ण वर्तुळ निघणार होते. काकांनी कापडाचा चौकोन आधी उभा आणि मग आडवा दुमडून चौघडी केली. चारही पदर जिथे एकत्र येतात तो कोपरा म्हणजे वर्तुळाचा मध्य. त्या कोपऱ्यावर टेपचे टोक डाव्या अंगठ्याने दाबून धरायचे, उजव्या हाताने टेप ताणून हव्या त्या आकड्यावर खडू धरायचा आणि एका दुमडीपासून दुसरीपर्यंत फिरवत न्यायचा, की पाव वर्तुळ उमटते. कापड उलगडल्यावर ते पूर्ण होते.

प्रश्न एवढाच, की कमरेच्या भोकासाठी टेप किती इंचांवर धरायची. काकांनी एलच्या १/६ च्या ओळीत २४ पाहिले, ४ इंच ठरवले, आणि खडू टेकवण्याआधी बोट थोडे मागे घेतले.

“कमरेचा सहावा हिस्सा, आणि त्यातून दीड सूत मागं यायचं.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेपवरच्या दोन लगतच्या बारीक रेघांमधले अंतर. सुतार, गवंडी आणि शिंपी यांच्याखेरीज हे माप आता फारसे कोणी बोलत नाही. भाच्याने विचारले, “दीड सूत कशाला?”

“नाही आलं मागं, तर कंबर इंचभर वाढते.”

“आणि सहावाच हिस्सा का?”

“तसंच असतं ते,” काका म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करायची चिठ्ठी लिहू लागले.

मुलाखतीच्या वहीत हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हते, म्हणून भाच्याने ते शेवटच्या पानावर लिहून घेतले. घरी आल्यावर जेवणाआधी तो ते पान घेऊन बसला. वर्तुळाचा परीघ म्हणजे व्यास गुणिले पाय, हे तो सातवीत शिकला होता, आणि पाय म्हणजे २२/७ हे त्याला पाठ होते. कंबर हा परीघ आहे, टेप धरायची ती त्रिज्या आहे, एवढे एकदा कळले की बाकीचे सरळ होते. त्रिज्येची दुप्पट करून २२/७ ने गुणायचे, म्हणजेच त्रिज्येला ४४/७ ने गुणायचे, की परीघ मिळतो. ४४/७ म्हणजे सहा पूर्णांक दोन सप्तमांश. म्हणून परिघावरून त्रिज्या काढायची तर सहाने नव्हे, सहा पूर्णांक दोन सप्तमांशाने भागायला हवे. सहाने भागले की उत्तर थोडे मोठे येते. काकांचे बोट मागे येते ते याच कारणाने.

पण नेमके दीड सूतच का, हे त्याला अजून कळले नव्हते. त्याने २४ ला ७ ने गुणले, ४४ ने भागले आणि ३.८१८ इंच उत्तर काढले. चारातून ते वजा केले, तर ०.१८२ इंच उरले. इंचाचे आठ सूत, म्हणून आठाने गुणले. उत्तर आले १.४५ सूत. तो वही घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “मावशी, टेलरकाका पाय वापरतात. त्यांना माहीत नाही, पण वापरतात.”

माझ्या मते हे अर्धेच खरे होते. काकांना पाय माहीत नव्हता, पण पाय जिथे चुकीचा धरला जातो तिथे काय होते ते त्यांना पुरते माहीत होते. ‘कंबर इंचभर वाढते’ हे त्यांचे वाक्य तपासून पाहिले. त्रिज्या पूर्ण ४ इंच धरली तर परीघ २५.१ इंच होतो, म्हणजे इंचाहून किंचित जास्तच. अनुभवाने सांगितलेला आकडा आणि वहीत निघालेला आकडा यांत कापडावर दिसेल असा फरक नव्हता.

मग पुढचा प्रश्न निघाला, आणि माझ्या दृष्टीने प्रकल्प खरा इथे सुरू झाला. दीड सूत ही सगळ्या कमरांसाठी एकच दुरुस्ती आहे, की ती कमरेप्रमाणे बदलते? भाच्याने आधी १८, २०, २२ असे आकडे घेऊन प्रत्येकाचा वेगळा हिशेब करायला सुरुवात केली. थोड्या वेळाने त्याला ते कंटाळवाणे झाले, आणि कंटाळा आला म्हणून त्याने अपूर्णांक तसेच ठेवून वजाबाकी केली. कमरेचा १/६ भाग वजा कमरेचा ७/४४ भाग. छेद समान केले तर २२/१३२ वजा २१/१३२. उरतो १/१३२. म्हणजे कंबर कितीही असो, सहाव्या हिश्श्यातून कमरेचा एकशे बत्तिसावा भाग मागे यायचे. सुतांत सांगायचे तर साडेसोळा इंच कमरेला एक सूत, पावणेपंचवीस इंचांना दीड सूत आणि तेहतीस इंचांना बरोबर दोन सूत.

दुसऱ्या दिवशी आम्ही अस्तराचे कापड द्यायला गेलो तेव्हा भाच्याने आपला हिशेब खिशातच ठेवला आणि काकांना फक्त एवढेच विचारले, की प्रत्येकीला दीडच सूत सोडता का. काका म्हणाले, “छे! अगदी लहान पोरीला एक, शाळेतल्या मुलीला दीड, बाईमाणसाला दोन.” त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही, कारण ती त्याची मुलाखत होती.

इतक्या बारीक मापाची काळजी घेण्यामागचे कारण त्याला काकांनीच टेबलावर दाखवले. त्रिज्येत एक सूत चुकले तर कमरेत एक सूत चुकत नाही, सव्वासहा सूत चुकतात, म्हणजे पाऊण इंचाहून अधिक. चौघडी केलेल्या कापडावर ही चूक लपून बसते, कारण समोर दिसते ते पावच वर्तुळ आणि त्यात फरक जेमतेम दीड सुताचा असतो. म्हणून कापण्याआधी काका खडूच्या कमानीवर टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरतात आणि ती कमानीबरोबर वळवत नेतात. २४ कमरेच्या पाव वर्तुळाला ती बरोबर ६ इंच भरली पाहिजे. सहाच्या पुढे एखादे सूत जरी गेली, तरी ते खडू पुसून पुन्हा कमान काढतात. खडूची कडही ते मध्येमध्ये ब्लेडने खरवडून धारदार करतात. बोथट खडूची रेघ चांगली अर्धा सूत रुंद उमटते, आणि मग कात्री रेघेच्या आतून चालली की बाहेरून, एवढ्यावर कमरेत दोन-तीन सुतांचा फरक पडतो. भाच्याने हा सगळा भाग वहीत ‘त्रुटी’ या मथळ्याखाली लिहिला. माझ्या मते त्याच्या प्रकल्पातले सर्वांत चांगले पान तेच होते, जरी नंतर शाळेत त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात मुळातच नव्हती. काकांनी खडूची कमान काढली, टेपने तपासली आणि कात्री मात्र त्या रेघेवर न चालवता अर्धा इंच आत, म्हणजे मध्याच्या बाजूला चालवली. भाचा चटकन म्हणाला, “काका, भोक लहान झालं!”

“माया नको का?” काका म्हणाले.

माया म्हणजे शिलाईच्या पलीकडे राखून ठेवलेले कापड. बहुतेक ठिकाणी माया मापाच्या बाहेर असते, म्हणजे तुकडा मापापेक्षा मोठा कापला जातो. इथे ती मापाच्या आत येते, कारण कापड बाहेरच्या बाजूला आहे आणि भोक मध्ये. कात्री ३.८२ इंचांच्या रेघेवरच चालवली असती आणि नंतर अर्धा इंच आत घेऊन शिलाई मारली असती, तर शिलाईचे वर्तुळ ४.३२ इंच त्रिज्येचे झाले असते आणि कंबर २४ ऐवजी २७ इंच. काकांच्या म्हणण्याप्रमाणे शिकाऊ मुले हमखास इथेच फसतात. फ्रॉक वरच्या बॉडीला जोडताना घेराचे कापड उरते, मग ते चुण्या घालून जिरवतात आणि गिऱ्हाइकाला ‘फॅशन आहे’ म्हणून सांगतात. भोक लहान राहिले तर ते नंतर वाढवता येते, मोठे झाले तर कापड परत आणता येत नाही, म्हणून शंका आली की कमी कापायचे, हा त्यांचा नियम आहे.

मायेचा आणखी एक हिशेब भाच्याने तिथेच उभ्या उभ्या केला. शिलाईची रेघ २४ इंच आणि कापलेली कड ३.३२ त्रिज्येची, म्हणजे जवळजवळ २१ इंच. शिवल्यावर ही २१ इंचांची कड बॉडीच्या आत २४ इंचांच्या जागेत पसरायला हवी. ती पसरणार कशी? काकांनी उत्तर म्हणून कात्रीच्या टोकाने कडेवर थोड्याथोड्या अंतरावर लहान काप दिले, शिलाईच्या रेघेच्या अलीकडे थांबतील असे. काप दिलेली कड हाताने ताणताच उघडली आणि सरळ झाली. काप दिले नाहीत तर कमरेशी सुरकुत्या येतात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

एवढे झाल्यावर भाच्याच्या मनात त्या लाकडी एलची ओळ घोळू लागली. १/६ ची ओळ आहे, तर सहा पूर्णांक दोन सप्तमांशाची का नाही? असती तर दीड सूत मागे येण्याची गरजच पडली नसती. त्याने ती ओळ स्वतः आखायचे ठरवले. ४४ इंच परिघाला ७ इंच त्रिज्या लागते, म्हणून सात इंचांच्या रेघेचे ४४ समान भाग केले की प्रत्येक भाग म्हणजे कमरेचा एक इंच. सात इंचांचे ४४ भाग पट्टीने थेट पडत नाहीत. त्यासाठी रेघेच्या एका टोकातून तिरकी दुसरी रेघ काढायची, तिच्यावर दोन-दोन मिलिमीटरवर ४४ खुणा करायच्या, शेवटची खूण सात इंचांच्या टोकाशी जोडायची आणि गुण्या सरकवत बाकीच्या खुणांमधून तिला समांतर रेघा काढायच्या. त्याने हे सगळे जाड पुठ्ठ्यावर केले. त्यात बराच वेळ गेला, आणि निम्म्यावर आला असताना त्याने आखलेल्या भागांवर सहज आपली पट्टी ठेवली. भाग चार-चार मिलिमीटरचे पडत होते.

हिशेबाने तो भाग ४.०४ मिलिमीटरचा आहे. इंच आणि मिलिमीटर यांचे प्रमाण आणि पाय यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण २५.४ ला ६.२८ ने भागले की उत्तर चाराच्या इतके जवळ येते, हा निव्वळ योगायोग आहे आणि मोठा सोयीचा आहे. कमरेच्या एका इंचाला चार मिलिमीटर त्रिज्या. कंबर २४ असेल तर त्रिज्या ९६ मिलिमीटर. शिंप्याच्या टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, त्यामुळे यासाठी एलही लागत नाही आणि सूतही सोडावे लागत नाही. कंबर इंचांत मोजायची, चाराने गुणायचे आणि टेप उलटी करून तितक्या मिलिमीटरवर खडू धरायचा. या नियमाने त्रिज्या एक मिलिमीटर कमी येते आणि कंबर २४ ऐवजी पावणेचोवीस होते. चूक आहे, पण ती कमी कापण्याच्या बाजूची आहे.

मला या ठिकाणी भास्कराचार्य आठवले, आणि ते आठवणे अगदीच अस्थानी नव्हते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे ज्यांचे घराणे आपल्या परिचयाचे आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत परिघासाठी दोन रीती दिल्या आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले की येतो तो सूक्ष्म परीघ, आणि २२ ने गुणून ७ ने भागले की येतो तो स्थूल, पण व्यवहाराला योग्य असा परीघ. भाच्याने दोन्ही रीतींनी २४ इंच कमरेची त्रिज्या काढून पाहिली. फरक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागला. धारदार खडूची रेघसुद्धा त्याच्या कितीतरी पट रुंद असते, तेव्हा टेबलावर २२/७ पुरे.

पुठ्ठ्याची पट्टी घेऊन तो काकांकडे गेला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून ती नीट पाहिली, १८ वर, २४ वर आणि ३६ वर आपली टेप लावून तपासली आणि ‘बरोबर आहे’ म्हणाले. मग मांजरपाटाचा एक तुकडा पुढे टाकून म्हणाले, “आता याच्यावर काप.” भाच्याने घरी वर्तमानपत्रावर वर्तुळे कापून पाहिली होती आणि ती हिशेबाला धरून आली होती. मांजरपाटही टेबलावर पसरलेले असेपर्यंत बरोबर होते. काकांनी ते कमरेच्या भोकाशी धरून उचलले, दोन-चारदा झटकले, पुन्हा टेबलावर ठेवले आणि मोजायला सांगितले. भोक जवळजवळ अर्धा इंच वाढले होते.

याचे कारण विणीत आहे. कापडाला उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो. त्या दोन्ही दिशांना कापड ताणले तरी फारसे वाढत नाही. पण त्यांच्या मधोमध, तिरक्या दिशेला, ज्याला शिंपी उरेप म्हणतात, तिथे धागे एकमेकांवर सरकतात आणि कापड लांबते. पूर्ण वर्तुळात कमरेची कड चार ठिकाणी उरेपावर येते. भूमितीतल्या वर्तुळाला अशा दिशा नसतात, कापडाच्या वर्तुळाला असतात. म्हणून काका भोक कापल्याबरोबर, कापड उचलण्याच्या आधी, कडेजवळून एक साधी शिलाई मारून घेतात, म्हणजे ती ताणली जात नाही. जॉर्जेट किंवा क्रेप असेल तर त्रिज्या आणखी एक सूत कमी धरतात. आणि तयार घेर हॅंगरला टांगून ठेवतात, कारण खालची कडही उरेपावर ओघळते आणि चार ठिकाणी लांब दिसू लागते. ती ओघळून झाली की जमिनीपासून उंची मोजत कड सारखी करायची आणि मगच दुमडायची. आमचा फ्रॉक ठरल्या दिवशी मिळाला नाही तो यासाठी, आणि दुसऱ्या कोणत्याही शिंप्याच्या उशिरापेक्षा मला तो पटण्यासारखा वाटला. भाच्याने कमी कापणाऱ्या चार मिलिमीटरच्या नियमापुढे कंसात लिहिले : ‘सुती कापडाला ही चूक उपयोगी पडते.’

खालच्या कडेला लेस लावायची होती आणि ती आम्हालाच आणायची होती. काका म्हणाले, सव्वातीन मीटर आणा. भाच्याने आधी बाहेरची त्रिज्या काढून परीघ काढला, १२४.६ इंच, म्हणजे तीन मीटर आणि सोळा सेंटिमीटर. जोडाला थोडी धरून सव्वातीन बरोबर होते. पण मग त्याने तोच हिशेब कंबर आणि उंची वेगळी ठेवून मांडला, आणि खालचा परीघ म्हणजे कंबर अधिक उंचीच्या सहा पूर्णांक दोन सप्तमांश पट, असे सूत्र मिळाले. उंची एक इंच वाढवली की लेस सव्वासहा इंच जास्त लागते, मग कंबर पाच वर्षांच्या मुलीची असो की तिच्या आईची. हे त्याला खरे वाटेना. मोठ्या घेराला जास्तच लेस वाढायला हवी, असे त्याचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर डोळ्यांना तसेच वाटते. त्याने १८ आणि ३६ अशा दोन कमरा घेऊन दोन्हींची उंची इंचाने वाढवून पाहिली, तेव्हा वाढ दोन्हीकडे तितकीच आली. काकांना विचारले तर ते म्हणाले, “लेसवाला इंचाला सहा-सव्वासहा धरूनच देतो,” आणि यात नवल करण्यासारखे काय आहे, ते त्यांना कळले नाही.

मुलाखत भाषेच्या विषयासाठी होती. भाच्याने ती दोन पानांत लिहिली, पुढे पुठ्ठ्याची पट्टी आणि आठ पाने हिशेब जोडले. भाषेच्या बाईंनी दोन पाने ठेवून घेतली आणि बाकीचे गणिताच्या सरांकडे पाठवले. सरांनी ते विज्ञान प्रदर्शनाच्या यादीत घातले, फक्त मथळा बदलून ‘दैनंदिन जीवनातील गणित’ असा केला. मूळ मथळा ‘कमरेच्या एका इंचाला चार मिलिमीटर’ असा होता, आणि मला तोच अधिक आवडला होता.

प्रदर्शनाआधी तो पट्टीवरचे आकडे पुन्हा शाईने गिरवून घ्यायला दुकानात बसला होता. तिथे शर्टाची बाही जोडायचे काम चालले होते. काकांनी बाहीचा वरचा गोल भाग आणि शर्टाचा मुंढा शेजारी शेजारी ठेवून दोन्हीवर उभी टेप फिरवली. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा भरला. तसा तो असावाच लागतो, तेवढे कापड शिलाईत दाबून बसवले की खांद्याला गोलाई येते. भाच्याने विचारले, मुंढ्याची त्रिज्या किती धरता. काका म्हणाले, मुंढ्याला त्रिज्या नसते, पुढची बाजू जास्त खोल आणि मागची उथळ, कारण हात पुढे जातात. हे वळण ते एका पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्याच्या फर्म्यावरून काढतात, आणि तो फर्मा त्यांच्या मामांनी कापलेला आहे. भाच्याने तो कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढून घेतली आहे, आणि तिचे किती तुकडे कोणकोणत्या वर्तुळांचे धरता येतील, हे तो सध्या कंपास घेऊन शोधतो आहे.